लांब बांधलेली शेळी

सपनाचा घसा सकाळपासून बसला होता. पाड्यावरची पशुसखी ती. गुरांचे डॉक्टर शेळ्यांना लस टोचत होते आणि लोकांशी डोकेफोड करायचं काम तिच्याकडे. नवसीकाकीच्या शेळीला ताप होता, नाक वाहत होतं. ओठांवर, कानांवर, शेपटीखाली कडक गाठी आल्या होत्या.

"हिला देवी आल्यात, काकी. बाकीच्या शेळ्यांपासून लांब बांध. पाणीसुद्धा वेगळं दे."

"हिला लस नाय, अन् धडधाकटांना टोचता?"

"धडधाकट तशा राहाव्यात म्हणूनच ना!" सपना तिसऱ्यांदा ओरडली.

चार पाडे फिरून ती संध्याकाळी घरी पोचली. तिच्या स्वतःच्या चार शेळ्यांना सकाळीच लस दिली होती. ती लागू पडायला अजून दोन-तीन आठवडे तरी लागणार होते. गोठ्याच्या दारात नवसीकाकी हसत उभी होती.

"बांदली बग लांब. माज्या गोठ्यापासून पार इकडं आणली. तुला औषध द्यायलापण बरं!"

आत एकाच घमेल्यात पाच शेळ्या तोंड घालून पाणी पीत होत्या.

सपनानं ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही.