सांभाळून घेणारं गिऱ्हाईक

साबणवाल्या काकांचा मेल सकाळी आला तेव्हा ताई अजून खुर्चीत टेकलीही नव्हती. तिने तो उभ्याउभ्याच वाचला आणि मग मात्र तिला बसावं लागलं.

काका म्हणजे काही नात्यातले नव्हेत. ताईच्या वडिलांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा हा कारखाना काढला, तेव्हा पहिली ऑर्डर त्यांच्या साबणाच्या कारखान्याची होती, आणि तेव्हापासून त्यांचा साबण दुसऱ्या कुणाच्या खोक्यात गेलाच नव्हता. वडील गेल्यावर कारखाना दादा बघू लागला, ऑर्डरी आणि गिऱ्हाइकं ताईकडे आली. काकांनी त्या दिवसापासून तिला "काय गं" अशीच हाक मारली. रागावायचं झालं तर फोन करून रागवायचे, आणि तेही अर्धवट सोडून तिच्या मुलीची चौकशी करायचे.

आजच्या मेलमध्ये चौकशी नव्हती. "गेल्या पाच ऑर्डरींपैकी एकही ठरल्या तारखेला मिळालेली नाही. प्रत्येक वेळी तुमच्या तारखेवर विसंबून आम्ही पॅकिंगला माणसं बोलावली आणि बसवून ठेवली. उद्या संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा व खात्रीची तारीख न मिळाल्यास पुढील महिन्यापासून हे काम दुसऱ्या कारखान्याला देण्यात येईल. त्यांचे नमुने तपासून झाले आहेत." खाली सही. काका हा माणूस कुठेच नाही.

ताईने मेल पुन्हा वाचला. भीती काही नुसती ऑर्डर जाण्याची नव्हती, अर्थात ती गेली असती तर कारखान्याचा चांगला मोठा घास गेला असता. तिला खरे टोचले ते "तारखेवर विसंबून" हे दोन शब्द. कारण त्या पाचही तारखा तिने दिल्या होत्या, आणि त्यातल्या निदान तीन देतानाच तिला ठाऊक होतं की त्या पाळल्या जाणार नाहीत.

दादा आत आला, त्याने मेल वाचला आणि लगेच कामाला लागला. दादाला संकटात फार सुचतं, फक्त ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर असतं.

"लिही," तो म्हणाला, "कागदाच्या मिलकडून माल उशिरा आला. मग मशीन बंद पडलं. आणि आता सगळं सुरळीत आहे, शनिवारी माल पोचेल."

"शनिवारी पोचेल?"

"शनिवारी लिही. शनिवारी बघू."

"दादा, मिलचा कागद तर महिनाभर गोदामात पडून आहे. आणि मशीन कधी बंद पडलं होतं?"

"अगं, खुलासा मागितलाय ना त्यांनी? मग काहीतरी कारण द्यावंच लागेल. नुसतं सॉरी म्हणून कोण ऐकतं?"

ताईने मेल उघडला आणि "कागदाच्या मिलकडून" एवढं टाइप केलं. तिथेच तिचा हात थांबला. वेळ मारून नेण्यात ती काही कच्ची नव्हती. वर्षभर तिने तेच केलं होतं. पण तोंडी थाप मारताना समोरचा हसून सोडून देतो आणि आपल्यालाही विसरायला होतं. लिहिलेली थाप आपल्यालाच वाचावी लागते.

ती उठून मशीनवर गेली. तिथल्या भिंतीवर कामांचा फळा होता. कुठलं खोकं आधी छापायचं, कुठलं नंतर, याच्या चिठ्ठ्या चुंबकाने लावलेल्या. वरच्या सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटवाल्यांच्या. बिस्किटवाले गेल्या वर्षी आले, मोठी कंपनी, आणि त्यांच्या करारात उशिराला दंडाची अट होती. त्या अटीचा ताईने असा काही धसका घेतला होता की त्यांची नवी चिठ्ठी आली की ती सरळ वर लागायची आणि काकांची एक घर खाली उतरायची. मग ती काकांना फोन करायची. "काका, दोन दिवस पुढे गेलं तर चालेल ना?" काका म्हणायचे, "चालेल गं, सांभाळून घेऊ." पडत्या फळाची आज्ञा समजून ती फोन ठेवायची, आणि दोन दिवसांचे पाच झाले तरी तिला काही वाटायचं नाही. काका आपलेच आहेत, असं तिचं गणित. आपल्या माणसाला मागे उभं करायचं आणि धाक दाखवणाऱ्याला पुढे, हे गणित ती कुणाकडून शिकली होती कोण जाणे, पण करत मात्र बिनचूक होती.

मशीन चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणत. ताईने त्यांना विचारलं, "काकांची खोकी खरोखर कधी होतील? मला खूश करायला सांगू नका."

मामांनी फळ्याकडे बघितलं. "बिस्किटांचं पूर्ण संपवून घेतलं तर मंगळवार. मधे तोडून घेतलं तर प्लेट बदलायची, शाई धुवायची, परत लावायची, त्यात अर्धी पाळी जाते. पण मग अर्धा माल उद्या दुपारी देता येईल. उरलेला मंगळवारीच."

"मग तोडूया."

"मी तोडेन. बिस्किटांचा दंड कोण भरेल ते दादांना विचारा."

दादाला विचारायची गरजच नव्हती, त्याचं उत्तर त्याच्या चेहऱ्यावर कायम लिहिलेलं असायचं. ताई पुन्हा टेबलाशी आली आणि तिने मनाचा धडा करून बिस्किटवाल्यांच्या खरेदी विभागात फोन लावला. पलीकडून एक घाईतला आवाज आला. तिने घसा साफ करून सांगितलं की सोमवारचा माल एकदम न देता अर्धा सोमवारी आणि अर्धा बुधवारी दिला तर, म्हणजे जमत असेल तरच, दंडाचं कळतंय मला, पण—

"दोन खेपांत? उलट बरंच आहे," तो आवाज म्हणाला. "आमच्याकडे एकदम ठेवायला जागा कुठेय? दर वेळी बाहेर ताडपत्री घालून ठेवतो आम्ही. बदललेल्या तारखा मेलवर टाका, मी मान्य करतो. आधी कळवलं तर दंड लागत नाही."

"आधी कळवलं तर लागत नाही?"

"करारात आहे की मॅडम. वाचलं नाही का?"

ताईने आभार मानले आणि फोन ठेवला. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला लाज वाटली, कानाच्या पाळ्या गरम होण्याइतकी. वर्षभर ज्यांना विचारायची तिला छाती झाली नव्हती, ते एका फोनमध्ये हो म्हणाले होते. आणि जे हो म्हणत होते, त्यांनाच ती पुन्हापुन्हा विचारत राहिली होती. काकांच्या पॅकिंगच्या बायका रिकाम्या बसल्या त्या कुठल्या मोठ्या अडचणीपायी नव्हे. हिला एक अवघड फोन करायचा नव्हता, म्हणून बसल्या.

तिने "कागदाच्या मिलकडून" खोडलं आणि नव्याने लिहायला घेतलं.

"तुमची तक्रार पूर्ण खरी आहे. कागद वेळेवर आला होता आणि मशीनही चालू होतं. उशीर झाला कारण दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम मी दर वेळी तुमच्या आधी घेतलं. तुम्ही समजून घ्याल असं मी गृहीत धरलं. तुम्हाला दिलेल्या काही तारखा देताना मला त्यांची खात्री नव्हती, आणि ते मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमची माणसं बसून राहिली त्याला मी जबाबदार आहे.

"सध्याच्या ऑर्डरीतला अर्धा माल उद्या दुपारी निघेल. उरलेला मंगळवारी. त्याआधी होणार नाही, म्हणून त्याआधीची तारीख देत नाही. यापुढे तुमच्या नेहमीच्या मापाची एका ऑर्डरीइतकी खोकी आम्ही तयार करून आमच्या गोदामात ठेवू, म्हणजे मशीनवर काही झालं तरी तुमचं पॅकिंग थांबणार नाही. एवढं करूनही तुम्ही काम दुसरीकडे द्यायचं ठरवलंत तर तुमचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही."

दादाने खांद्यावरून वाचलं. "हे कशाला लिहितेस? हे म्हणजे आपणच त्यांच्या हातात काठी द्यायची."

"काठी त्यांच्याकडे आधीपासून आहे. त्यांनी ती उगारली नाही म्हणून तर आपण सोकावलो."

"मंगळवार बघून ते जातील बघ."

"जातील तर जातील. पण मंगळवार खरा आहे."

दादा वळला. मशीनकडे जाऊन त्याने मामांना बिस्किटांची प्लेट उतरवायला सांगितली. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. ताईने मेल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा माल गाडीत चढला. गाडी खरोखर फाटकाबाहेर पडल्यावर ताईने काकांकडे निरोप पाठवला. "गाडी निघाली" हे शब्द तिने वर्षभरात इतक्यांदा आधीच लिहिले होते की आज ते खरे असताना तिलाच चुकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी काकांचा फोन आला.

"माल मिळाला," ते म्हणाले. "मोजून घेतला. बरोबर आहे."

"काका, मी खरंच—"

"मेल वाचला तुमचा."

तुमचा. ताई खुर्चीत ताठ झाली.

"खरं लिहिलंत, बरं वाटलं," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "काम हलवत नाही मी. खोकी तुमची चांगली असतात, त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती. पण आता आपण करार करूया. तुमचं ते दुसरं गिऱ्हाईक आहे ना, त्यांची दंडाची जी अट असेल तीच मला लावा. कमी नको, जास्तही नको."

"लावते. आजच पाठवते. काका, तुम्ही रागावला असाल तर बोला ना मला."

"राग नाही हो. माझ्याकडे सोळा बायका पॅकिंगला येतात. त्यांना परत पाठवताना मी काय सांगायचो माहितीये? की आपल्याच घरचे लोक आहेत, उद्या नक्की देतील. पाच वेळा सांगितलं. पाचव्यांदा त्यातली एकजण हसली."



"आणि अजून एक," काका म्हणाले. "यापुढे उशीर होणार असला तर मला फोन करू नका. लेखी कळवा, माझ्या ऑफिसात कुणीतरी उत्तर देईल."

"फोन का नको, काका?"



"तुम्ही विचारलंत की मला नाही म्हणता येत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

दादाने दारातूनच विचारलं, "राहिली का ऑर्डर?" ताईने मान डोलावली. तो निःश्वास टाकून मशीनकडे गेला. तिने बिस्किटवाल्यांचा करार उघडला, दंडाचं कलम या वेळी नीट वाचून काढलं, आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी काकांच्या कारखान्याचं नाव टाइप करायला लागली.