डोकं, खांदे आणि त्रिकोण

उधन्यात साडीच्या दुकानावरच्या खोलीत हेमराज शेअरचे चार्ट शिकवायचा. आज त्यानं सगळ्यांना एकाच चार्टवर रेघा मारून आकृती शोधायला लावल्या. कुणाला झेंडा दिसला, कुणाला त्रिकोण.

"आंधळे आहात का रे? मधलं उंच शिखर म्हणजे डोकं, दोन बाजूंची बुटकी म्हणजे खांदे. खालची रेघ तुटली की भाव पडणारच!" त्यानं त्रिकोणाचा कागद सगळ्यांपुढे नाचवला. "आणि हे पाहा! उतरती शिखरं नि चढते तळ जोडून म्हणे भाव वर जाणार! कुणी पाजळली ही अक्कल?"

नूतन चाचरत उठली. "सर, हा त्रिकोण मागच्या रविवारी तुम्हीच काढून दिला होता. म्हणून तोच ठेवला."

हेमराजनं त्रिकोणाशेजारचं आपलं अक्षर ओळखलं. चार्ट तोच, तारखाही त्याच. फरक एवढाच, की तेव्हा ते शेअर त्याच्याकडे होते आणि परवा त्यानं ते विकून टाकले होते. जे हवं, तेच त्याला दोन्ही वेळा दिसलं होतं.

शरमेनं त्याचे कान तापले. चूक कबूल करायला त्यानं तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच.

"तू तो नीट समजून घेतला नाहीस."

"हो सर," नूतन म्हणाली आणि कागद परत घेऊन तिनं त्याच्याच त्रिकोणावर मुकाट्यानं काट मारली.