खाजगी बाजू

कंपनीत त्याला सगळे 'बॅगवाले साहेब' म्हणत. हातात बॅग असायची म्हणून नव्हे. नवा माणूस नोकरीला लागला की त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये ऑफिसची वेगळी प्रोफाइल बसवायची, हे त्याचं काम. ती बसली की ऑफिसच्या प्रत्येक अ‍ॅपच्या चित्रावर एक इवलीशी बॅग दिसायला लागते. तेवढ्यावरून नाव पडलं आणि चिकटलं.

नवा माणूस फोन पुढे सरकवताना एकच प्रश्न विचारायचा, तोही आवाज खाली आणून. "साहेब, तुम्हाला माझी खाजगी बाजू दिसत नाही ना?"

"नाही," तो सांगायचा. "एकाच फोनात दोन खोल्या समजा. बॅगेच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, दुसरीची फक्त तुमच्याकडे. तुमचे फोटो, निरोप, काही दिसत नाही मला. नोकरी सोडलीत तर मी बॅगेची खोली पुसणार, तुमच्या खोलीला धक्का लागणार नाही." त्याचा स्वतःचा एक नियमही होता. फोन हाताळायचा तो मालकाला समोर बसवून. या नियमाचा त्याला भारी अभिमान होता.

मग त्याची बायकोच कंपनीत लागली. भाड्याने जाणाऱ्या यंत्रांच्या गोदामात, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम. तिचा फोन त्यानेच लावून दिला आणि वर शहाणपणाही शिकवला, "सहा वाजले की हे बटण दाबून ऑफिस बंद करायचं. बॅगवाली सगळी चित्रं करडी होतात, उद्या सकाळपर्यंत चकार शब्द नाही."

तिने ते मनावर घेतलं आणि तिथेच त्याचं घोडं अडलं. आधी जेवताना तिचा फोन वाजला की तो स्वतःला समजवायचा, ऑफिसचं असेल. आता ती सहाला ऑफिस बंद करायची आणि फोन तरीही वाजायचा. म्हणजे हे ऑफिसचं नव्हतं. ती वाचायची, ओठ दाबून हसायची, फोन टेबलावर ठेवून द्यायची. सरळ, उघडा, कुणीही उचलावा असा. पण लॉक तिच्या बोटाचा.

"कोण गं?"

"दाढी. येडं आहे ते. मांजरांचे व्हिडिओ पाठवतं."

दाढी म्हणजे गोदामाचा स्टोअरकीपर. तळघरातल्या यंत्रांची मोजदाद चालली होती, आणि ती फोटो काढताना हा तिच्यासाठी टॉर्च धरायचा. टॉर्च धरायला दाढी लागते का, असं बॅगवाल्याला विचारावंसं वाटे. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मांजर म्हटलं तरी त्याला दाढीच दिसायची. लाज वाटायची, पण लाजेने मत्सर काही कमी होत नाही, फक्त तोंड बंद राहतं.

ऑफिसात तो रोज आपल्या कॉम्प्युटरवर तिच्या फोनच्या नोंदीचं पान उघडायचा. फोनचं मॉडेल, सिस्टीम कितवी, बॅगेची अकरा अ‍ॅप्स. बस. लोकांना अभिमानाने सांगितलेली भिंत आता त्याच्याच कपाळावर आपटत होती. पानाच्या तळाशी एक लाल बटण होतं: कामाची प्रोफाइल पुसा.

मंगळवारी सकाळी त्याने ते दाबलं. त्याच्या विभागाचा साहेब रजेवर होता, विचारणारं कुणी नव्हतं. हिशोब साधा होता. प्रोफाइल गेली की ती फोन घेऊन येणार, आणि नवी बसवायला फोन उघडून हातात देणार.

ती दहा मिनिटांत आली. "अरे, माझं ऑफिसच गायब झालं!"

"होतं कधीकधी आपोआप. आण इकडे. वेळ लागेल, तू चहा घेऊन ये तोवर."

तिने बोट टेकवून फोन उघडला आणि त्याच्या हातात ठेवला. "तुझ्यासाठीपण आणते," म्हणाली आणि गेली. समोरची खुर्ची रिकामी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्याने दाढीचे निरोप उघडले. मांजर. मांजर. सोफ्यावरून पडणारं मांजर. मग कालची संध्याकाळ.

दाढीने विचारलं होतं, "फोटो चढवले का?"

तिने लिहिलं होतं, "अजून नाही. दोनशे बारा आहेत, प्रत्येकावर यंत्राचा नंबर टाकतेय. शुक्रवारी सगळे एकदम मोठ्या साहेबांसमोर ठेवते. त्यावरच ठरणार ना माझं."

"घरी सांगितलंत?"

"नाही. कायम झाले की सांगेन. तो आधीच कशाने तरी बेचैन असतो हल्ली."

बॅगेची खोली त्याने सकाळीच पुसली होती. फोटो बॅगवाल्या कॅमेऱ्याने काढलेले. ते बॅगेच्या खोलीतच राहतात, खाजगी गॅलरीत येत नाहीत. बाहेर प्रत जाऊ नये म्हणून बॅकअप त्यानेच बंद करून ठेवला होता. त्याने घाईने खाजगी गॅलरी धुंडाळली, उगाचच. तिथे त्याचे स्वतःचेच फोटो होते. चष्मा कपाळावर चढवून झोपलेला तो, कुलूप दुरुस्त करणारा तो. यंत्र एकही नव्हतं.

पावलं ऐकू आली. त्याने फोन घाईने टेबलावर ठेवला. तिने दोन्ही कप खाली ठेवले आणि फोन उचलला.

"फोटो आहेत ना रे त्यातले?"

"नाहीत," तो म्हणाला. "पुसलं की सगळंच जातं."

ती खुर्चीत बसली. फोनच्या वरच्या पट्टीत एक सूचना अजून तशीच होती. तिने ती मोठ्याने वाचली, "तुमच्या अ‍ॅडमिनने कामाची प्रोफाइल काढून टाकली आहे." मग वर पाहिलं. "आपोआप म्हणालास ना?"

"ते... कधीकधी सिस्टीम..."

तिने सूचना बाजूला सारली. खाली तिची गॅलरी उघडी होती. तिने मागे जायचं बटण दाबून पाहिलं. तिथे दाढीचे निरोप, कालच्या संध्याकाळवर थांबलेले. बंद करायचं राहूनच गेलं होतं.

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दारात नवा वॉचमन आपला फोन घेऊन ताटकळत उभा होता, म्हणून की काय, तिने आवाज चढवला नाही.

"तीन आठवड्यांचं काम," ती म्हणाली. "शुक्रवारला तीन दिवस आहेत."

"मी बोलतो मोठ्या साहेबांशी. सांगतो की चूक माझी. मी येतो तळघरात, टॉर्च धरतो..."

"टॉर्च धरायला माणूस आहे. आधी प्रोफाइल लावा."

तो चमकला. लग्नाआधीपासून ती त्याला अरे-तुरे करत आली होती.

तिने फोन त्याच्या हाती दिला नाही. टेबलावर ठेवून, एक बोट फोनच्या कडेला दाबून धरलं. त्याने आपल्या पडद्यावरचा कोड दाखवला, तिने स्वतः फोन उचलून तो स्कॅन केला. होय, पुढे, होय. एकेक करत बॅगा उमटल्या. बॅगेची गॅलरी उघडली, ती कोरी होती.

चहावर साय धरली होती. ती उठली आणि आवाज खाली आणून तिने विचारलं, अगदी नव्या माणसासारखं, "साहेब, तुम्हाला माझी खाजगी बाजू दिसत नाही ना?"

हजारदा दिलेलं उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. त्याने नुसता तिचा कप तिच्याकडे सरकवला.

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि तळघराच्या जिन्याकडे गेली. वॉचमन पुढे सरकला, खुर्चीत बसला आणि त्याने आपला फोन दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.