जुन्या नावाची ओळ

नाव बदलायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी खूश झाले होते, हे आधीच सांगून टाकते. नाही सांगितलं तर पुढचं सगळं मी रडून सांगतेय असं वाटेल.

आमची संस्था शहापुरात आहे. एसटी स्टँडच्या मागे एक खोली, तीन टेबलं आणि कधीमधीच चालणारा एक प्रिंटर. काम वनहक्क दाव्यांचं. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस हातात जीपीएस यंत्र घेऊन आपल्या तुकड्याच्या हद्दीवरून एक फेरी मारतो आणि त्या फेरीचा नकाशा दाव्याला जोडतात. फेरीचा नकाशा करणारा छोटा प्रोग्राम अनंताने लिहिला होता. अनंता आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे आणि आमचे फोन उचलत नाही. त्याने प्रोग्रामचं नाव ठेवलं walu. टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरचे वाळूबाबा चाचणीसाठी यंत्र हातात घेऊन पाड्याच्या वाटेवर चालणारे पहिले, म्हणून. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, walu असं लिहिलं की काम सुरू.

मग मुंबईच्या देणगीदारांना ते खटकलं. प्रोग्राम आता आणखी चार जिल्ह्यांत जाणार, तिथे एका माणसाचं नाव कशाला? vanseema ठेवा, असं पत्र आलं. मितेश आमचा समन्वयक. पत्र वाचून त्याने माझ्याकडे बघितलं. ऑफिसात पायथन येणारी मी एकटीच. किन्हवलीहून रोज एसटीने येते आणि इथल्या पसाऱ्यावर रोज चिडते.

काम म्हटलं तर दहा मिनिटांचं. pyproject.toml नावाची फाइल असते, तिच्यात [project.scripts] असा भाग असतो. तिथे एक ओळ होती:

walu = "walu.cli:main"

डावीकडे लोक टाइप करतात ते नाव, उजवीकडे आतला कोड. मी फक्त डावीकडचं बदललं. आतलं फोल्डर, पॅकेजचं नाव, सगळं होतं तसंच ठेवलं.

vanseema = "walu.cli:main"

मग मदतीच्या मजकुरातलं नाव बदललं. मग grep नावाची शोधायची कमांड लावून जुनं नाव कुठे कुठे टाइप करायला सांगितलंय ते शोधलं. README नावाच्या माहितीच्या फाइलमध्ये अकरा जागा, मराठी पुस्तिकेत तेवीस, आणि तीन शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कमांडा लिहून ठेवलेल्या फायली. एकेक ओळ डोळ्यांनी बघून बदलली, कारण आतल्या कोडमधलं walu तसंच ठेवायचं होतं. अनंताच्या पुस्तिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुकाही जाता जाता काढल्या. मला फार बरं वाटत होतं.

मितेश चहा घेऊन आला आणि म्हणाला, "जुनं नाव पण राहू दे की दोन-चार महिने. दोन ओळी ठेवता येतात ना?"

येतात. त्याच भागात दुसरी ओळ, जुनं नाव, उजवीकडे तोच पत्ता. दोन्ही नावं चालली असती.

"नको," मी म्हटलं. "ठेवलं की लोक तेच वापरत बसतात. एकदाच काय ते बदलू दे."

मितेशला माझ्याशी वाद घालायची हौस नव्हती. कोणालाच नसते.

ऋतिक आमचा मुरबाडकडचा कार्यकर्ता. सोमवारच्या बैठकीला लॅपटॉप घेऊन आला. पाड्यांवर नेटवर्क नाही, त्यामुळे त्याच्याकडे सगळं पेनड्राइव्हवरून जातं. मी स्वतः त्याच्या लॅपटॉपवर नवीन आवृत्ती बसवली. ती बसवताना pip हे बसवायचं साधन जुनी आवृत्ती काढून टाकतं आणि walu नावाची कमांडही जाते. हे मला माहीत होतं, मला तेच हवं होतं. तिन्ही स्क्रिप्ट त्याच्यासमोर चालवून दाखवल्या. चालल्या.

"कळलं ना?" मी विचारलं.

"हां ताई," तो म्हणाला.

तू रोज नक्की कशावर क्लिक करतोस, एवढं मी त्याला विचारलं नाही. चार वर्षं मी त्या मुलाबरोबर काम करतेय.

त्याच आठवड्यात वाळूबाबांची फेरी होती. त्यांचा दावा एकदा फेटाळला होता, हद्द स्पष्ट नाही म्हणून. अपिलाची साठ दिवसांची मुदत चालू होती. वय सत्तरीच्या पुढे, दम लागायचा, पण हद्द त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. दगडांचे ढीग त्यांच्या बापाने रचलेले. काही ओढ्याने नेले, काही कारवीच्या झुडपांत गेले. मुलगा भिवंडीला गोदामात, तो लहानपणापासून बाहेर. बायको बारकीआजी शेतात राबली, पण हद्दीच्या टोकापर्यंत जायचं काम बाप्यांचं. तीन दिवस लागले. थोडं चालायचे, बसायचे, यंत्र मांडीवर ठेवायचे, परत उठायचे. ऋतिक मागून पाण्याची बाटली घेऊन. गुरुवारी फेरी पुरी झाली.

शुक्रवारी ऋतिकने यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि डेस्कटॉपवरच्या 'उतार' नावाच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं.

ती फाइल माझ्या तीनपैकी एकही नव्हती. अनंताने फार पूर्वी त्याला पेनड्राइव्हवर दिलेली पहिलीवहिली प्रत होती, आमच्या कोडच्या भांडारात नसलेली, म्हणून माझ्या grep ला न दिसलेली. तिच्यात दोन ओळी. पहिली: walu ने यंत्रातली फेरी लॅपटॉपवर उतरव. दुसरी: यंत्रातल्या फायली पूस. आमची पद्धतच तशी होती. यंत्र रिकामं केल्याशिवाय पुढच्या पाड्यावर न्यायचं नाही, नाहीतर एकाची हद्द दुसऱ्याच्या नकाशात घुसते. अनंताने नंतर स्क्रिप्टच्या माथ्यावर set -e घातलं, म्हणजे पहिली ओळ फसली की तिथेच थांब. ते नंतरच्या प्रतींत. ऋतिकच्या प्रतीत नव्हतं.

पहिल्या ओळीला walu सापडली नाही. दुसऱ्या ओळीने तिचं काम चोख केलं. काळी खिडकी उघडली, मिटली. नेहमीच मिटते. ऋतिकने यंत्र काढलं आणि शनिवारी पुढच्या दावेदार हौसाबाईंच्या शेतावर नेलं, मग आणखी दोन पाड्यांवर.

त्याच शनिवारी वाळूबाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

फेरी गेल्याचं आम्हाला कळलं पुढच्या सोमवारी. मी वाळूबाबांचा नकाशा छापायला बसले तर फोल्डर रिकामं. मी ऋतिकवर ओरडले. मग म्हटलं, काय करतोस ते माझ्यासमोर करून दाखव. त्याने त्या फाइलवर क्लिक करायला हात नेला तेव्हा मी त्याचा हात धरला, फाइल नुसती उघडली आणि वाचली. तिच्यातली पहिली ओळ टर्मिनलमध्ये हाताने टाइप केली.

walu: command not found

"ताई, माझं चुकलं का?" ऋतिकने विचारलं.

"नाही रे." मला त्याच्याकडे बघवेना. "माझं."

पुसलेल्या फायली परत काढणारे प्रोग्राम असतात. दोन दिवस मी यंत्राच्या मेमरीला तेच लावून बसले होते. पण वर तीन पाड्यांच्या फेऱ्या लिहून झाल्या होत्या. त्यांतल्या पुसल्या गेलेल्या फेऱ्या ती माणसं परत चालू शकत होती. वाळूबाबांच्या तीन दिवसांतले एकेचाळीस बिंदू हाती लागले. झोपडीपासून ओढ्यापर्यंतचे. पुढे काही नाही.

मितेश म्हणाला नाही, की मी सांगत होतो. म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "कायद्यात वडीलधाऱ्या माणसाचा जबाब चालतो."

"कोणाचा घेणार?" मी विचारलं.

मी पाड्यावर गेले. टोकावड्याला एसटीतून उतरून पुढे ऋतिकच्या बाइकवर. बारकीआजी अंगणात होती. मी तिला सगळं सांगितलं. कमांड, नाव, पुसलं गेलेलं, माझ्यामुळे. तिला त्यातलं शेवटचं तेवढं समजलं असावं.

"चल," ती म्हणाली. "जमंल तवढा दावते."

यंत्र घेऊन आम्ही निघालो. ओढ्यापर्यंत ती भराभर गेली. ओढा ओलांडून एक ढीग दाखवला, मग ऐनाच्या झाडाखाली दुसरा. तिथे ती थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चार पावलं कारवीत गेली आणि परत आली.

"हितून पुढं माना नाय ठावं, बाय. त्यालाच ठावं."

"अंदाजाने?"

"अंदाजानं कसा सांगू? बाजूला गोमाचा हाय. त्याचा खायाचा का आपुन?"

मी यंत्र बंद केलं.

अपिलाला नऊ दिवस उरले होते. हाती लागलेल्या एकेचाळीस बिंदूंची अर्धी रेघ मी येतानाच कागदावर छापून आणली होती, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही झोपडीशी परत आलो तेव्हा वाळूबाबा पडवीत गोधडीवर पडले होते. मी दिसताच त्यांनी डावा हात उचलला. बारकीआजी त्यांच्या कानाशी वाकली.

"कागुद आनलाय बघ पोरीनं."

मी कागद त्यांच्या पोटाशी गोधडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग डाव्या हाताचं बोट झोपडीच्या खुणेवर टेकवलं आणि रेघेवरून चालायला लागले, हळू, मधे थांबत. ओढ्याशी रेघ संपली. बोट थांबलं नाही. ते कागदाच्या कडेवरून गोधडीवर उतरलं आणि पुढे गेलं, वर चढलं, एका ठिगळाशी वळलं, तिथे थोडं थांबलं, परत खाली आलं, पार फिरून कागदाच्या दुसऱ्या कडेने झोपडीपाशी पोचलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. झालं, असं ते बघणं होतं.

"बराबर?" बारकीआजीने मला विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ऋतिक उठून बाहेर गेला.

अपील आम्ही अर्ध्या नकाशावर केलं. ते फेटाळलं, हद्द स्पष्ट नाही म्हणून.

तो निकाल आला त्या संध्याकाळी ऑफिसात मी pyproject.toml उघडली आणि जुन्या नावाची ओळ परत घातली. नव्या ओळीच्या खाली, उजवीकडे तोच पत्ता. पुन्हा बसवलं. टर्मिनलमध्ये walu लिहिलं, त्यांच्या दाव्याचा नंबर दिला, एंटर दाबलं. कमांड लगेच सापडली. तिने उत्तर दिलं, या दाव्याची पुरी फेरी नाही.