चौदावी ओळ

"बाकी यादी झकास झालीय," साहेब म्हणाले. "फक्त ही चौदावी ओळ काढून टाका."

पाणीपुरवठा कचेरीत ज्येष्ठ लिपिक असलेल्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांची बदली झाली होती, तीही मागून घेतलेली, लेकीच्या गावी. लेक बाळंतपणाला टेकली होती. जायचं तर टेबलावरच्या सगळ्या प्रलंबित प्रकरणांची यादी करून नव्या माणसाच्या ताब्यात द्यायची: प्रकरण काय, कुठल्या टप्प्यावर अडलंय, पुढे काय करायचं. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही आणि खाली साहेबांची. मग साहेब कार्यमुक्त करणार.

चौदावी ओळ पंपचालकाची होती. यंत्राच्या पट्ट्यात त्याची तीन बोटं गेली होती. पट्ट्यावर झाकण बसवा, असा अर्ज त्याने अपघाताआधी दोनदा दिला होता आणि दोन्ही वेळा तो अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहिला होता. आता त्याला हलकं काम हवं होतं. डॉक्टरांचा दाखला जोडलेला होता, फक्त साहेबांचा आदेश हवा होता. पण आदेश काढायचा तर ते दोन अर्जही उघड्यावर येणार. म्हणून साहेब दर वेळी "चर्चा करावी" असा शेरा मारून फाइल परत धाडत. चर्चा काही होत नव्हती.

"प्रकरण दप्तरदाखल दाखवा," साहेब म्हणाले. "संपलं!"

"संपलं कसं, साहेब? तो माणूस बाहेर बाकावर बसलाय. फाइल दप्तरात गेली की त्याला कामाला नालायक ठरवून घरी बसवतील."

"मग यादीवर माझी सही होणार नाही. आणि सही नाही तर बदलीही नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी लेकीचा फोन आला, "आई, कधी येतेस?" तेव्हा त्यांना रडूच कोसळलं. एक ओळ खोडायची, उद्याची गाडी पकडायची, कोण विचारणार होतं? पण त्या यादीखाली त्यांची स्वतःची सही असणार होती आणि खोटी सही त्यांनी आजवर केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई पदर खोचून कचेरीत आल्या. कार्यमुक्त केलं नाही, म्हणजे टेबल अजून आपलंच! त्यांनी ती फाइल उघडली, टिपणीवर लिहिलं, "आज्ञेप्रमाणे चर्चेसाठी हजर आहे," आणि साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आत्ता वेळ नाही," साहेब गुरगुरले.

"चालेल. उद्या येते."

त्या रोज गेल्या. आत कुणी पाहुणा असला तरी गेल्या. साहेब चिडले, ओरडले, एकदा तर चहा अर्धा टाकून बाहेर निघून गेले. टेबल ताब्यात घ्यायला आलेला कारकून मात्र शेजारच्या खुर्चीवर नुसता बसून होता. माणूस पन्नाशीचा, पण बोलण्याआधी खाकरायचा आणि बरेचदा खाकरण्यावरच थांबायचा. याच्या हाती फाइल दिली की तिचं काय होणार ते दिसतंच आहे, असं ताईंना वाटे.

मग ताईंच्या नव्या कचेरीचं पत्र आलं: लिपिकास अद्याप कार्यमुक्त का केले नाही, कारण कळवावे. आस्थापनेची पत्रं ताईंच्याच टेबलावर येत, तेव्हा उत्तराचा मसुदाही त्यांनीच केला. "प्रलंबित यादीतील चौदावी ओळ वगळण्यास लिपिकाने नकार दिल्यामुळे," एवढंच लिहिलं आणि सहीसाठी ठेवलं.

साहेबांनी मसुदा वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे असं पाठवायचं?"

"खोटं असेल तर दुरुस्त करा, साहेब. मी टाइप करून आणते."

साहेबांनी मसुद्याचे दोन तुकडे केले. "आणा ती तुमची यादी! आणि आजच्या आज इथून निघा."

मधल्या दिवसांत काही प्रकरणं पुढे सरकली होती, म्हणून ताईंनी यादी ताजी केली. त्यांनी आणि नव्या कारकुनाने सह्या केल्या. चौदाव्या ओळीचं तोंडही बघायचं नाही म्हणून साहेबांनी थेट तळाशी सही ठोकली आणि कार्यमुक्तीचा आदेशही फेकल्यासारखा पुढे सरकवला.

ताईंनी कपाटाची किल्ली नव्या कारकुनाच्या हातावर ठेवली. पिशवी उचलली, पण पाय निघेना.

"भाऊ, ती चौदावी ओळ तेवढी..."

कारकून खाकरला. ताईंना वाटलं, झालं, एवढंच.

पण त्याने फाइल काढली, यादी तिच्यावर ठेवली आणि चौदाव्या ओळीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं. तिथे ताईंनी लिहिलं होतं: आदेश होईपर्यंत रोज सादर करणे.

"ताई, तुम्ही निघा, गाडी चुकेल," तो म्हणाला. "मी आत जाऊन येतो. साहेबांनी स्वतः सही केलीय, रोज म्हणून."

आणि दार न वाजवताच तो आत गेला.