घटलेला आत्मविश्वास

‘प्रशिक्षणानंतर शिक्षकांचा आत्मविश्वास घटला.’

प्रशिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या साधनाने अहवालात हे वाक्य लिहिलं आणि मागे उभ्या असलेल्या प्रेमदासच्या नाकातून चहा आला.

बंजारा तांड्यावरच्या लेकरांना त्यांच्या गोरमाटी बोलीतून मराठीकडे कसं आणायचं, हे कळमनुरीच्या तीस गुरुजी-बाईंना त्यानेच शिकवलं होतं. सेनगाव तालुक्यात दुसरी तुकडी होणार की नाही, ते या अहवालावर ठरणार होतं.

“ताई, रकाने अदलाबदल झाले असतील.”

“तीनदा तपासले. स्वतःला पाचपैकी गुण द्या म्हटलं, तर आधी सरासरी साडेचार. आता तीन.”

“अभिप्राय तरी?”

“सगळ्यांचं ‘छान’. सूचना एकच, वरण पातळ होतं.”

वैजनाथ गुरुजी तर पाचावरून थेट दोनावर घसरले होते. त्यांच्याच वर्गाचं प्रशिक्षणानंतरचं निरीक्षण बाकी होतं. दोघं मोटारसायकलवर निघाले.

वर्गाबाहेरच हसण्याचा गलका ऐकू आला. गुरुजी फळ्यावरच्या बाईच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणत होते, “यडी!”

“याडी, गुरुजी, याडी!” पोरं बाकांवर लोळत होती. गुरुजींनी स्वतःचे कान धरले, ‘याडी’ म्हटलं आणि शेजारी ‘आई’ लिहिलं. लगेच एक पोरगी उठून आपली आई काय काय करते ते अर्ध्या मराठीत सांगू लागली. मग दुसरी. साधना खुणा करत गेली. प्रशिक्षणाआधीच्या निरीक्षणात या वर्गात लेकरं स्वतःहून दोनदा बोलली होती. आज तिच्या कागदावर जागा उरली नाही.

“मग दोनच गुण काहून दिले, गुरुजी?” प्रेमदास जवळजवळ रडकुंडीला आला होता.

“आता दोनाएवढं येतंय म्हणून.”

“आणि आधी पाच?”

“तवा काय येत न्हाई, तेच ठाऊक नव्हतं की!”

साधनाला हसू फुटलं, आवरेना. “आज मागं वळून पाहता, तेव्हाचे किती द्याल?”

“शून्य. शून्य न्हाई का? मग एक लिहा.”

दुपारभर दोघांनी सगळ्यांना फोन लावले. जो तो हसत हसत आपलेच गुण कापत होता. तेव्हाची सरासरी दीडवर आली.

साधनाने पहिलं वाक्य तसंच ठेवलं. खाली दोन्ही सरासऱ्या दिल्या, केवळ आठवणीतल्या गुणांवर विसंबू नये असं बजावलं आणि निरीक्षणाचे आकडे जोडले. शिफारशी: शेवटच्या दिवशी ‘तेव्हा’ आणि ‘आता’ दोन्ही विचारा, तीन महिन्यांनी वर्गभेट द्या. वरणाचंही लिहिलं.

तुकडी मंजूर करणाऱ्या साहेबांनी घटीचं वाक्य वाचून भुवया चढवल्या, पुढचं पान वाचून उतरवल्या आणि सही केली.

सेनगावच्या तुकडीचा पहिला दिवस. स्वतःला गुण द्यायचे कागद गोळा झाले. प्रेमदास ते चाळत धावत आला, चेहरा लग्नघरासारखा.

“ताई, सगळ्यांनी पाचपैकी पाच दिलेत!”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणालाच काही येत न्हाई. बराबर जमलं!”