चांदणीखालची ओळ

आईचा बायोडेटा एका पानात बसत नव्हता आणि आईचं म्हणणं होतं की दुसरं पान जोडलं तर कुणी पहिलंही वाचत नाही.

"मग काहीतरी काढ ना," मी म्हटलं. "हे शाळेतलं स्नेहसंमेलन कशाला पाहिजे?"

"तिथे मला पहिलं बक्षीस मिळालं होतं."

"आई, तू चाळिशी ओलांडलीस."

तिचं लक्ष नसताना मी ते उडवलं. मग मी अक्षरं बारीक केली, ओळी जवळ आणल्या. आई माझ्या खुर्चीमागे उभी राहून नखं खात होती. हॉस्पिटलच्या काउंटरवर दिवसभर लोकांना "शांत व्हा, बसून घ्या" सांगणारी ही बाई, घरात दोन मिनिटं बसत नव्हती. मी झाले तेव्हा तिने नाटक सोडलं. सोडलं म्हणजे, "थोडे दिवस" म्हणाली होती. ते थोडे दिवस आता सतरा वर्षांचे झालेत, आणि मधेच शाळा सोडून घरी बसलेली मी तिच्या डोक्याला ताप. म्हणून हा बायोडेटा मीच करणार असं मी ठरवलं होतं. निदान एक गोष्ट तरी माझ्या हातून धड व्हावी.

नटाचा बायोडेटा साधा नसतो, हे मला तिने शिकवलं. वर नाव, उंची, फोन. वय लिहायचं नाही, कुठल्या वयाची माणसं करू शकता ते लिहायचं. साल लिहायचं नाही. मग तीन रकाने : नाटक, भूमिका, आणि संस्था किंवा दिग्दर्शक. त्याखाली शिक्षण, म्हणजे नाटकाचं, दहावी-बारावीचं नाही. (इथे मी जरा खूश झाले.) सगळ्यात शेवटी, आपल्याला काय काय करता येतं ते.

"पोहणं लिहू? सायकल?"

"जे उभ्या उभ्या करून दाखवता येणार नाही ते लिहायचं नाही. लगेच म्हणतात, करा."

"मग लिहिते, नखं खाणे."

डोक्यात टपली बसली.

सगळ्यात भांडण झालं ते एका ओळीवर. 'बंद घड्याळांचं दुकान' नावाच्या नाटकात आई शेजारीण करायची. पण मुख्य भूमिका, दुकानाची मालकीण, तीही तिने काही प्रयोग केली होती, कारण मालकीण करणाऱ्या बाईंचा घसा बसला होता आणि आई त्यांची बदली होती. बदली म्हणजे ऐन वेळी उभं राहायला तयार असलेली. बहुतेकांवर ती वेळ येतच नाही. आईवर आली.

"मग 'मालकीण' लिहायचं. केली ना तू?" मी म्हटलं.

"बदली म्हणून केली. तसं लिहायचं. नाटकवाल्यांत हे चोरलं की तोंड दाखवायला जागा राहत नाही."

"अगं पण रकान्यात मावत नाही 'बदली म्हणून'! अख्खी ओळ खाली सरकते!"

शेवटी मीच तोडगा काढला. 'शेजारीण, मालकीण*' असं लिहिलं आणि पानाच्या अगदी तळाशी, चांदणी काढून, बारीक अक्षरात : मुख्य कलाकार आजारी असताना बदली म्हणून. आईने दोनदा वाचलं आणि मान हलवली. मला काय, मी हुशार ठरले.

दुसऱ्या दिवशी एका नव्या नाटकासाठी नटांची निवड होती. वाटेत झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढल्या आणि फोटोच्या पाठीला लावायच्या म्हणून फोटोच्याच मापात कापायच्या होत्या. फोटो पुढे, बायोडेटा मागे, चार कोपऱ्यांना पिना. तसंच देतात, म्हणजे टेबलावर कुणी फोटो पालटला की लगेच माहिती. दुकानदाराने मोठा कटर माझ्यापुढे सरकवला.

"उंची, फोन, सगळं लिहिलंय. लग्न जमवायचंय का कुणाचं?"

"तुमचं जमलं नसेल तर बघा," मी म्हटलं आणि खटाखट कापलं. आई दुकानाबाहेर उभी राहून ओठ हलवत संवाद म्हणत होती, रस्त्यावरचे लोक तिच्याकडे बघत होते. कापलेल्या पट्ट्या मी खिशात कोंबल्या. माझे हात गप्प बसत नाहीत, घडी घालायला काहीतरी लागतंच.

नाटक कंपनीची तालमीची जागा एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. व्हरांड्यात बाकं, बाकांवर बायका, प्रत्येकीच्या मांडीवर फोटो. कुणी डोळे मिटलेले, कुणी घसा खाकरतेय. दारात फाइल घेऊन एक हडकुळा माणूस होता. तो सगळ्यांकडून फोटो गोळा करून आत नेऊन देत होता आणि दर वेळी दार लावून घेत होता. आमचेही नेले.

आई बसली. उठली. परत बसली.

"पाणी?"

"नको. आवाज जातो."

"पाण्याने?"

"भिंगरी, गप्प बस गं जरा."

समोरच्या भिंतीवर जुन्या नाटकांची पोस्टरं होती. त्यातल्या एकात भलामोठा कोट घातलेली बाई, हातात घड्याळ. खाली नाव होतं : बंद घड्याळांचं दुकान. मी आईला कोपराने ढोसलं. तेवढ्यात फाइलवाला बाहेर आला आणि सगळ्यांना म्हणाला, "आज निवडीला मोठ्या बाई स्वतः बसल्यात. आधीच सांगून ठेवतो, लांबण लावू नका." आणि अंगठ्याने त्याच पोस्टरकडे खूण केली.

आई पोस्टरकडे बघत राहिली. मग तिने माझा हात दाबला. "बाई आहेत. बरं झालं गं आपण खाली लिहिलं ते. नाहीतर काय म्हणाल्या असत्या, माझी भूमिका स्वतःच्या नावावर खपवते."

"हो ना," मी म्हटलं, आणि जास्तीची एक प्रत माझ्या हातात होती तिच्याकडे सहज बघितलं.

खाली काही नव्हतं.

चांदणी होती. मालकीणवर, टपोरी. पण पानाच्या तळाशी पांढरी कड, आणि संपलं. कागद फोटोपेक्षा लांब असतो. ती ओळ कापली गेली होती. मीच कापली होती, खटाखट.

खिशात हात घातला. पट्टीची मी स्प्रिंग करून ठेवली होती, घडी-घडी-घडी. उलगडली. मुख्य कलाकार आजारी असताना बदली म्हणून. अख्खीच्या अख्खी ओळ माझ्या तळहातावर.

आईला सांगावं तर ती तिथेच कोसळली असती. तिच्यापुढे एकच बाई राहिली होती. मी दाराशी गेले.

"काका, मघाशी फोटो दिला ना, त्यात एक चूक झालीय. दोन मिनिटं परत द्या."

"आत टेबलावर गेला. आता मिळत नाही."

"मग हा कागद आत द्या."

त्याने पट्टी उलटीपालटी करून बघितली. "ही काय चिठ्ठी आहे? आत चिठ्ठ्या चालत नाहीत, ताई."

"चिठ्ठी नाहीये ती! बायोडेटाचा तुकडा आहे!"

"तुकड्यात बायोडेटा देतात का? जा, बसा."

मला इतका राग आला की कान गरम झाले. पण भांडले असते तर आईला ऐकू गेलं असतं. मी दातओठ खात परत बसले. आईने विचारलं, "काय म्हणत होता?" मी म्हटलं, "पाणी कुठे आहे ते विचारलं." आई म्हणाली, "मला नकोय म्हटलं ना."

आणि तिचं नाव पुकारलं.

ती आत गेली. पदर नाही, ओढणी नाही, तरी खांद्यावर काहीतरी सावरल्यासारखं करत गेली. या वेळी दार पूर्ण लागलं नाही, मधे माझा पाय होता. फाइलवाला पुढच्या बाईचं नाव शोधत होता.

आतून मोठ्या बाईंचा आवाज आला. घोगरा, सावकाश. "शेजारीण... हो, चेहरा आठवतोय. आणि हे काय, मालकीण? मालकीण तुम्ही केलीत?"

"हो बाई."

"असं?" फोटो पालटल्याचा आवाज. "मला वाटत होतं मी केली."

कुणीतरी हसलं. आई म्हणाली, "खाली लिहिलंय ना बाई. चांदणीखाली."

"खाली काही नाही लिहिलेलं."

"आहे... अगदी तळाशी..."

"बघा तुम्हीच."

मला दिसत नव्हतं पण मला माहीत होतं आई काय करतेय. फोटो हातात धरून, पाठीमागचं पान बघत, तळाशी ती ओळ शोधतेय. सतरा वर्षांनी ती त्या खोलीत गेली होती आणि तिथे चोर ठरत होती.

मी दार ढकललं.

"अहो ताई! ओ!" फाइलवाल्याने माझी बाही धरली. बाही त्याच्या हातात, मी आत.

"मी कापली," मी म्हटलं. बोलले काय, ओरडलेच. "फोटोच्या मापात कापताना मी कापली! तिने लिहिलेलं होतं, मी तर लिहू नको म्हणत होते! ही घ्या!"

टेबलामागे तिघं होते. मधल्या बाई पोस्टरपेक्षा बारीक, केस पांढरे. त्यांनी पट्टी घेतली. घड्या पडून पडून ती पार चुरगळली होती, बोटाने सपाट करत त्यांनी वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ही कोण?"

"माझी मुलगी," आई म्हणाली. इतक्या लाजून की मला जमिनीत जावंसं वाटलं.

"पट्टी काय, आत्ताही लिहून आणता येते," बाजूचा दाढीवाला म्हणाला.

बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. "घसा बसला होता माझा," त्या आईला म्हणाल्या. "मला सांगितलं प्रयोग झाले, पण कोणी केले हे मी विचारलंच नाही. रागात होते. काय घातलं होतंत तुम्ही?"

"तुमचाच कोट. दुसरा नव्हता."

"तो तर तुम्हाला गुडघ्याखाली येईल."

"बाह्या आतून दुमडून टाके घातले होते. काळा दोरा संपला म्हणून निळ्याने."

बाईंनी हात टेबलावर ठेवला. "निळे टाके! परत आले तेव्हा कोट घालायला गेले तर हात दुमडीत अडकून बाहेरच येईना. मी कपडेपटवाल्याला इतकं झापलं होतं." त्या हसायला लागल्या, मग खोकायला. खोकला थांबल्यावर त्यांनी पिन मारायचं यंत्र ओढलं आणि ती पट्टी बायोडेटाच्या खाली ठोकली. एक पिन. वाकडी.

"पोरीला बाहेर न्या," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही, मालकीण नको. ती मला पाठ आहे. शेजारीण करून दाखवा."

मला फाइलवाल्याने बाहेर काढलं. दार लागलं, या वेळी पूर्ण. मी कान लावला तर त्याने फाइल मधे घातली. "जरा धीर धरा," तो म्हणाला, पण हळूच.

किती वेळ गेला कोण जाणे. व्हरांड्यातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. खिशात घडी घालायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी नखं खाल्ली.

आई बाहेर आली ती सरळ जिन्याकडे. मी मागे. खाली रस्त्यावर आल्यावर मी तिला गाठलं.

"रागावलीस?"

"सोमवारपासून तालीम आहे."

"काय? मिळालं? कोण? कुठली भूमिका?"

"पोस्टमनची बायको. दोन प्रवेश." ती थांबली. "आणि मुख्य भूमिकेची बदली."

"परत बदली?" माझं डोकं सटकलं. "इतकं सगळं करून परत बदलीच? म्हणजे ती बाई आजारी पडायची वाट बघत बसायचं?"

"वाट नाही गं बघायची. पाठ करायचं." ती रुमालाने तोंड पुसत होती, डोळे का नाक कळेना. "आत कुणी मला विचारलंही नाही, हे पाठ होईल का म्हणून. होईलच, असं धरून चालले."

चालता चालता ती एकदम म्हणाली, "नवीन नाटक वाढवावं लागेल ना पानात."

"वाढवते. पोस्टमनची बायको आणि..."

"चांदणी नको. ओळीतच लिही. मोठं."

"मावणार नाही."

"मग शाळेतलं बक्षीस काढ."

"ते कालच काढलं मी."

"मला न विचारता?" ती म्हणाली आणि परत टपली मारली, रस्त्यात, सगळ्यांदेखत.